तासभर बोललो, पण तो काय बोलला ते आठवतच नाही

केतकीचं_पान | सोमवार, रात्री १०.४०

नमस्कार मंडळी. दोन वर्षं इथे नुसती वाचते आहे, धागा पहिल्यांदाच काढतेय.

वय २९, पुण्यात नोकरी. नववीपासून कॉलेज संपेपर्यंत मला खूप मुरमं यायची. ती गेली, खड्डे राहिले. दोन्ही गालांवर आहेत, डाव्यावर जास्त. ऑफिसात, मैत्रिणींत दिवसेंदिवस त्यांची आठवणही होत नाही. पण नवीन माणसाला भेटायचं ठरलं की दोन दिवस आधीपासून मला माझा डावा गाल सोडून दुसरं काही सुचत नाही.

गेल्या महिन्यात ओळखीतून एक स्थळ आलं. घरी पोह्यांचा कार्यक्रम नको, बाहेरच भेटू असं ठरलं. मी कॅफेत वीस मिनिटं आधी पोचले, कारण जागा मला निवडायची होती. डावा गाल भिंतीकडे राहील अशी कोपऱ्यातली खुर्ची घेतली. केस डावीकडून पुढे घेतले, डाव्या हातावर हनुवटी टेकवली आणि तशीच तासभर बसले. मधे दोनदा हात धुवायला म्हणून उठले, ते आरसा बघायला.

घरी आल्यावर आईने विचारलं, "काय म्हणाला गं? घरी कोण कोण असतं?" मला काहीही सांगता येईना. कुठेतरी ट्रेकला गेला होता एवढं आठवत होतं. हिमाचल की सिक्कीम? माहीत नाही. आमच्या टेबलावरचा दिवा मात्र आत्ता चित्र काढून दाखवीन, पितळी, खालून उघडा, प्रकाश सरळ तोंडावर मारणारा.

चार दिवसांनी मधल्या काकूंकरवी निरोप आला, "मुलीला इंटरेस्ट दिसला नाही." मी त्याचा अर्थ चेहरा आवडला नाही असाच लावला.

आता येत्या शनिवारी दुसऱ्या एकाला भेटायचंय. गाल काही शनिवारपर्यंत बदलणार नाही. पण त्या टेबलावर मी स्वतः हजर असावं एवढं तरी जमेल का? कुणाला जमलंय का?

---

सुमनमावशी | सोमवार, रात्री ११.०५

बाळा, मसूर डाळ रात्रभर दुधात भिजत घाल, सकाळी बारीक वाटून लाव. वीस मिनिटांनी कोमट पाण्याने धू. माझ्या भाचीचा चेहरा महिन्याभरात उजळला. शनिवारपर्यंत थोडा तरी फरक दिसेल बघ.

---

बॉबी_डोंबिवली | सोमवार, रात्री ११.३०

मावशी, ती गालाचा उपाय विचारत नाहीये :) पोस्ट परत वाचा.

केतकी, मला इंटरव्ह्यूला असं व्हायचं. माझा उपाय सांगतो. मन चेहऱ्याकडे गेलं की मनातल्या मनात शंभरातून सात सात वजा करत जायचं. ९३, ८६, ७९... डोकं तिकडे गुंततं, भीती वाटायला वेळच मिळत नाही.

---

भास्कर_कोल्हापूर | मंगळवार, सकाळी ७.१५

मी माझं सांगतो. सव्विसाव्या वर्षी टक्कल पडायला लागलं. मी टोपी घालायला सुरुवात केली ती उन्हातान्हात, लग्नाकार्यात, देवळाच्या दारापर्यंत. मुलगी बघायला गेलो तेव्हाही टोपी. सासरे, म्हणजे तेव्हा नुसते मुलीचे वडील, म्हणाले, "पाहुणे, आत गारवा हाय, काढा की टोपी." काढली. पुढची दहा मिनिटं मला कुणाचं काही ऐकू आलं नाही. मग मुलीने विचारलं, तुमच्याकडे ऊस कुठल्या जातीचा? मी म्हटलं, को ८६०३२. त्यावर तिने उताऱ्याबद्दल असा काही प्रश्न टाकला की मला विचार करून उत्तर द्यावं लागलं. त्या विचारात डोकं विसरलो ते विसरलोच. आज लग्नाला १७ वर्षं झाली. टोपी शेतात जाताना घालतो.

---

गोदाकाठ | मंगळवार, सकाळी ९.५०

केतकी, मी नाशिकला मानसोपचाराचं काम करते, चौदा वर्षं झाली. तुझ्यासारखं वर्णन महिन्यातून दोन-तीनदा तरी ऐकते. कधी गाल, कधी पोट, कधी दात, कधी घाम, बाकी सगळं तेच.

तुला काही आठवत नाही यात तुझ्या स्मरणशक्तीचा दोष नाही. माणसाचं लक्ष एका वेळी मोजकंच पेलतं. तू तासभर टेबलाच्या पलीकडून स्वतःकडे बघत होतीस, आत्ता गाल कसा दिसत असेल, केस सरकले का, दिवा कुठे पडतोय. त्यात तुझं सगळं लक्ष खर्च झालं. तो बोलत होता, पण ऐकायला तिथे कुणी नव्हतं.

आणि तू जे पाहत होतीस ते खरं तर पाहणं नव्हतंच. कॅफेत समोर आरसा नव्हता. तू आतून जे जाणवत होतं, गाल तापलाय, कानशिलं गरम झालीत, त्यावरून चित्र तयार करत होतीस आणि समोरच्यालाही हेच दिसतंय असं धरून चालली होतीस. जाणवतं तेवढं दिसत नसतं.

एक जुना प्रयोग सांगते, १९८० सालचा, अमेरिकेतल्या डार्टमथ कॉलेजातला. काही जणांच्या चेहऱ्यावर मेकअपने व्रण काढला, आरशात दाखवला आणि सांगितलं, आता आत जाऊन एका अनोळखी व्यक्तीशी बोला, ती व्रणाला कशी प्रतिक्रिया देते ते बघा. आत जाण्याआधी व्रण पक्का करायला क्रीम लावतो म्हणून प्रत्यक्षात तो पुसूनच टाकला. यांना ते माहीत नाही. बाहेर आल्यावर त्यांनी सांगितलं की समोरची व्यक्ती अवघडली होती, तिचं वागणं व्रणामुळे बदललं होतं. चेहऱ्यावर तर काहीच नव्हतं!

आता त्या "इंटरेस्ट दिसला नाही" बद्दल. तो निरोप अक्षरशः खराही असू शकतो, एवढंच म्हणते. मान भिंतीकडे, चेहऱ्यापुढे केस, हातावर हनुवटी, दोनदा उठून जाणं, विचारलेल्याला एका शब्दात उत्तर. हे सगळं तू गाल झाकायला केलंस. पण समोरच्याला कारण कुठे माहीत असतं? त्याला फक्त कंटाळलेली मुलगी दिसते.

बॉबी, तुमचा उपाय अर्धा बरोबर आहे. लक्ष हलवायचं हे खरं. पण सात सात वजा करणाराही टेबलावर हजर नसतोच. इंटरव्ह्यूच्या आधी बाहेर बसलेलं असताना ठीक, समोर माणूस बोलत असताना नाही. भास्करराव, तुमच्या मिसेसनी जे केलं ते मी फी घेऊन शिकवते.

---

सडेतोड_सई | मंगळवार, दुपारी १.२०

गोदाकाठताई, मान राखून सांगते, मला हे पटत नाही. "लोकांना तेवढं दिसत नाही" हे ऐकून ऐकून कंटाळा आलाय. मला अकरा स्थळांनी पाहिलं. मी सावळी आहे. एका बाईंनी माझ्यासमोर माझ्या आईला विचारलं, "फोटोत लाइट मारला होता का?" एकांनी चहाचा कप ठेवताना माझ्या हाताचा रंग बघितला, चेहऱ्याशी जुळतो का म्हणून. हे मी कल्पनेनं रंगवलेलं नाही. माझ्या चेहऱ्यावरचा व्रण कुणी पुसून ठेवला नव्हता. लग्नाच्या बाजारात बघायलाच येतात लोक, आणि बघतात.

---

केतकीचं_पान | मंगळवार, दुपारी १.४५

सई, वाचून पोटात कालवलं गं. मलाही नेमकं हेच विचारायचं होतं. प्रयोगातला व्रण पुसला होता, माझे खड्डे आहेत तिथेच आहेत.

---

कॅमेरावाला | मंगळवार, दुपारी ३.००

थोडं अवांतर, पण उपयोगी. मी लग्नांचे फोटो काढतो. खड्डा दिसतो तो सावलीमुळे. प्रकाश बाजूने किंवा डोक्यावरून आला की प्रत्येक खड्ड्यात सावली भरते. समोरून, मोठ्या खिडकीतून आला की तीच त्वचा निम्म्याने सपाट दिसते. म्हणजे बाथरूमच्या ट्यूबखाली तुम्ही बघता तो चेहरा सगळ्यात वाईट प्रकाशातला असतो.

दुसरं, मोबाइलचा पुढचा कॅमेरा आरसा म्हणून वापरू नका. फूटभर अंतरावरून काढलेल्या सेल्फीत नाक पाच फुटांवरून दिसतं त्याच्या जवळजवळ ३० टक्के जास्त रुंद येतं. मी रोज नवऱ्यामुलींना सांगतो, टेबलापलीकडचा माणूस फूटभरावर नसतो.

---

टोरांटोकर | मंगळवार, संध्याकाळी ६.३०

आमच्याकडे पहिली भेट व्हिडिओ कॉलवर होते, तिथे तर स्वतःचाच चेहरा कोपऱ्यात सतत दिसतो. बायकोशी पहिले तीन कॉल मी माझं पोट चौकटीत येतंय का हे बघण्यात घालवले. चौथ्या वेळी माझी चौकट लपवून टाकली (बहुतेक अ‍ॅपमध्ये सोय असते) आणि पहिल्यांदा कळलं की ती बोलताना डावी भुवई उचलते.

---

गोदाकाठ | मंगळवार, रात्री ९.१५

सई, तू म्हणतेस ते मी खोडत नाही. त्या बाईंनी जे केलं ते वाईटच होतं आणि ते तुझ्या मनात नव्हतं, त्यांच्या तोंडात होतं. माझा मुद्दा मी नीट मांडला नाही. "कुणाला दिसत नाही" असं मी कधीच म्हणणार नाही, कारण ते खोटं निघालं की माणूस आणखी खचतो. नवीन माणूस पहिल्या मिनिटात बघतोच. काहींना दिसतं आणि ते त्यावरून नकारही देतात. लक्ष कुठेही ठेवलं तरी तो नकार टळणार नाही.

पण आपण अंदाज फुगवून धरतो हेही तितकंच खरं. कॉर्नेल विद्यापीठात २००० च्या सुमाराला एक प्रयोग झाला. विद्यार्थ्यांना एका गायकाचं मोठं चित्र असलेला, घालायला लाज वाटेल असा टीशर्ट घालून भरल्या खोलीत पाठवलं. त्यांना वाटलं, निम्म्या लोकांनी तरी पाहिलं असणार. प्रत्यक्षात साधारण चौथ्या हिश्श्याला आठवलं. शून्य नव्हे, हे लक्षात घे.

केतकी, तुझ्या हातात आहे ते एवढंच. ज्याला दिसूनही चालणार आहे, अशा माणसाला तू भेटावीस. नाहीतर तोही भिंतीकडे बघणारी मुलगी बघून जाईल.

शनिवारपर्यंत चार दिवस आहेत, त्यात एकच गोष्ट कर. उद्या आणि परवा कुणाशी तरी दहा-दहा मिनिटांच्या दोन गप्पा मार. जवळची मैत्रीण नको, थोडी लांबची ओळख हवी. पहिल्या वेळी मुद्दाम सगळं कर, केस पुढे, हनुवटी हातावर, लक्ष गालावर. दुसऱ्या वेळी केस मागे बांध, हात टेबलावर ठेव आणि लक्ष समोरच्याच्या बोलण्यावर. दोन्ही वेळा नंतर दोन आकडे लिही, किती घाबरले आणि किती वाईट दिसले असं वाटलं, दहापैकी. शिवाय तो माणूस काय काय बोलला ते. जमलं तर त्यालाही विचार, कुठल्या वेळी मी बरी वाटले.

लक्ष ठेवायचं म्हणजे डोळे फाडून बघायचं नाही. त्याच्या वाक्यातला एखादा शब्द पकडायचा आणि पुढचा प्रश्न तिथूनच काढायचा. घरून प्रश्नांची यादी नेऊ नकोस, मग यादीकडे लक्ष जातं. मन गालावर जाईल, दहा वेळा जाईल. गेलं की चडफडायचं नाही, त्याच्या वाक्यावर परत यायचं.

---

सुमनमावशी | बुधवार, सकाळी ६.५०

मी परत वाचलं. डाळीने खड्डे भरत नाहीत हे माझ्या लेकीने, ती त्वचेची डॉक्टर आहे, मला काल झापून सांगितलं. सुयांचे, लेझरचे उपाय असतात, पण महिनोन्महिने बैठका लागतात आणि पूर्ण सपाट होत नाही म्हणते. भेटीच्या आठवड्यात तर नवीन काही लावायचंच नाही, चेहरा लाल झाला तर पंचाईत. माझी डाळ मागे घेते हो बाळा.

---

केतकीचं_पान | गुरुवार, रात्री ११.१०

करून बघितलं. ऑफिसात वरच्या मजल्यावर एक जण आहे, लिफ्टपुरती ओळख. दोन दिवस त्याच्याबरोबर चहा घेतला.

पहिल्या दिवशी केस पुढे, हात गालाशी. भीती ८, वाईट दिसले ९. तो काय बोलला: गाडी सर्व्हिसिंगला टाकलीय. संपलं.

दुसऱ्या दिवशी केस बांधले. पहिली दोन मिनिटं गालावर वारा लागतोय असं जाणवत होतं, खरंच. भीती आधी ९ होती. मग तो म्हणाला की त्याचे बाबा निवृत्त झाल्यापासून रोज एक कुलूप उघडून परत जोडतात. मी विचारलं, कुठली कुलुपं? जुन्या बाजारातून आणतात, किल्ली नसलेली. आजवरचं सगळ्यात मोठं कुलूप कुठल्याशा वाड्याच्या दाराचं, दीड किलोचं. चहा गार झाला माझा. शेवटी भीती ४, वाईट दिसले ६.

गोदाकाठताई, ६ च आला, ३ नाही. आणि कधी बरी वाटले ते विचारायचं धाडस झालं नाही.

---

गोदाकाठ | शुक्रवार, सकाळी ८.३०

६ येऊ दे. वाईट दिसतंय असं वाटत असतानाच तू कुलुपाचं वजन ऐकलंस, मला तेवढंच हवं होतं. आधी वाटणं बदलेल आणि मग ऐकू येईल, असा क्रम नसतो.

उद्या आरसा एकदाच, हातभर अंतरावरून, पूर्ण चेहरा आणि कपडे मिळून. निघताना बघितलंस की झालं. जवळ जाऊन एकच जागा न्याहाळत बसलं की ती जागा मोठी होत जाते.

आणि हे सगळ्यांसाठीच लिहिते. रोज तास-तास आरशासमोर जात असेल, त्यापायी घराबाहेर पडणं बंद झालं असेल, दुसऱ्यांना जेमतेम दिसणारी गोष्ट आपल्याला विद्रूप वाटत असेल, तर धाग्यावरच्या युक्त्यांवर थांबू नका. तो वेगळा आजार असतो, त्यावर औषधं आणि उपचार दोन्ही आहेत. आधी कुणाशी तरी बोलायचं असेल तर टेलिमानसचा १४४१६ हा सरकारी नंबर आहे, मराठीतही बोलतात.

---

सडेतोड_सई | शुक्रवार, दुपारी १२.०५

ताई, दुसरा प्रतिसाद पटला, सगळा नाही. समोरचा हिणवायलाच आला असेल तर त्याच्याकडे लक्ष देऊन मी काय करू? मला त्या बाईंचं वाक्य शब्दन् शब्द आठवतं, ते विसरता आलं असतं तर बरं झालं असतं.

---

गोदाकाठ | शुक्रवार, दुपारी २.४०

तिथे लक्ष द्यायचं नाही, उठायचं. चहा अर्धा ठेवून उठायचं. हे मी आधीच लिहायला हवं होतं.

---

केतकीचं_पान | रविवार, सकाळी ११.२०

मंडळी, जाऊन आले.

या वेळी पाच मिनिटं उशिराच पोचले, मुद्दाम नाही, रिक्षाच मिळेना. त्यामुळे जागा त्याने धरली होती आणि माझी खुर्ची नेमकी अशी की डावा गाल रस्त्याकडे, भरपूर उजेडात. मी दोन सेकंद उभीच राहिले. खुर्ची बदलू का म्हणायचं ओठांवर आलं होतं. मग बसले.

पहिली दहा मिनिटं वाईट गेली, खोटं कशाला बोलू? हात तीनदा गालाकडे गेला, तीनदा खाली घेतला. त्याने काहीतरी विचारलं ते मला ऐकूच आलं नाही, तर मी सरळ म्हटलं, "सॉरी, माझं लक्ष नव्हतं, परत सांगाल?" तो म्हणाला, माझंही नव्हतं, मी हातरुमाल शोधत होतो. त्याच्या तळहातांना खूप घाम येतो. सगळा वेळ तो हात टेबलाखाली धरून बसला होता आणि मला ते दिसलंच नव्हतं!

मग बोललो. तो चिपळूणजवळच्या गावचा. २०२१ च्या पुरात दुकानात सात फूट पाणी होतं, तो आणि त्याचा काका माळ्यावर रात्रभर बसले होते, खाली बरण्या एकमेकींवर आपटल्याचा आवाज येत होता. सकाळी पहिली गोष्ट काय केली असं मी विचारलं. म्हणाला, वजनकाटा शोधला. चिखलातून तो काढला, धुतला, आता पुण्याच्या खोलीत ठेवलाय. बहीण रत्नागिरीला, आई शाळेत होती, वडील नाहीत. सोलकढी आवडत नाही, आणि हे घरी सांगायची सोय नाही.

माझ्या चेहऱ्याबद्दल त्याला काय वाटलं, मला माहीत नाही. रात्री अंथरुणावर पडल्यावर सगळी भेट डोक्यात परत सुरू झाली होती, उजेड, गाल, त्याने एकदा तिकडे पाहिलं होतं ते. पाहिलं होतं, हे नक्की. अजून निरोप आलेला नाही.

---

भास्कर_कोल्हापूर | रविवार, दुपारी १२.००

वजनकाटा! वा. कुठल्या बनावटीचा, विचारलंस का?

---

केतकीचं_पान | रविवार, दुपारी १२.१०

पितळी पारड्यांचा, आजोबांच्या वेळचा. एक पारडं पुरात गेलं.